खडकांचं चक्र, बाणांसकट (नववीच्या वर्गासाठी, मराठवाड्याच्या दगडांवर)

आधी रंग समजून घ्या. लाल बाण म्हणजे उष्णतेचं काम, निळा बाण म्हणजे पाणी-वाऱ्याचं काम, आणि तुटक रेघेचा बाण म्हणजे आडवाट. पुस्तकातल्या आकृतीत सगळं गोल फिरतं म्हणून पोरं पाठ करतात की अग्निजन्य, मग गाळाचा, मग रूपांतरित, मग परत पहिल्यापासून. तसा काही नियम नाही बरं का, कुठूनही कुठंही जाता येतं.

मोठे बाण

शिलारस ──(१) थंड होऊन गोठतो, लाल──▶ अग्निजन्य खडक
अग्निजन्य खडक ──(२) विदारण, झीज, वहन, निळा──▶ गाळ
गाळ ──(३) थरावर थर, दाब, घट्ट होणं, निळा──▶ गाळाचा खडक
गाळाचा खडक ──(४) उष्णता आणि दाब, लाल──▶ रूपांतरित खडक
रूपांतरित खडक ──(५) वितळणं, लाल──▶ शिलारस

आडवाटा

अग्निजन्य ┄┄(६) उष्णता आणि दाब┄┄▶ रूपांतरित
रूपांतरित ┄┄(७) वर येऊन झिजतो┄┄▶ गाळ
गाळाचा ┄┄(८) परत झिजतो┄┄▶ गाळ

बाण १. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, गोठला, त्यावर परत दुसरा आला, असे थरावर थर. वर लवकर थंड झाला म्हणून कण बारीक, डोळ्याला दिसत नाहीत. तोच शिलारस खोलवर सावकाश थंड झाला असता तर स्फटिक मोठे झाले असते, ग्रॅनाइटमध्ये दिसतात ना तसे. लाव्ह्यातल्या गॅसच्या बुडबुड्यांची भोकं राहिली, त्यात नंतर पांढरे स्फटिक भरले, खदानीत सापडतात ते हेच. वेरूळचं कैलास लेणं ह्याच बेसॉल्टमध्ये वरून खाली कोरलंय.

बाण २. हा बाण आपल्याकडं सगळ्यात जास्त चालू आहे, आत्ता ह्या मिनिटाला पण. दगड उन्हानं तापतो, रात्री गार होतो, फटीत पाणी शिरतं, पाण्यानं आतली खनिजं कुजतात आणि दगडाचा आधी मुरूम होतो आणि मग काळी माती, जी उन्हाळ्यात एवढी भेगाळते की पाय अडकावा. म्हणजे कापसाचं रान हे बेसॉल्टचंच झिजलेलं रूप. पावसात हीच माती ओढ्यातून गोदावरीत जायलीय, काही धरणात अडकते, उरलेली पार बंगालच्या उपसागरापर्यंत.

आता विहीर खोदताना बघा, काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मधी कधी कधी लाल मातीचा पट्टा लागतो. खालचा लाव्हा गोठल्यावर दुसरा यायला मधी बराच काळ गेला, तेवढ्यात वरचा भाग झिजून माती झाली, आणि मग वरून आलेल्या गरम लाव्ह्यानं ती माती विटेसारखी भाजून काढली. एकाच पट्ट्यात निळा बाण आणि लाल बाण दोन्ही! मला तर अख्ख्या आकृतीत हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

बाण ३. घरातली शहाबादी फरशी. कर्नाटकातली चुनखडी, जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली, म्हणून तर थरांनी सुटते.

बाण ४. चुनखडी खोल गाडली गेली, तापली, दाबली गेली की संगमरवर, देवघरातला मकराण्याचा असतो तो. शेलची होते स्लेट, वाळूच्या दगडाचा क्वार्टझाइट. नीट ऐका, इथं दगड वितळत नाही, घनच राहतो, फक्त खनिजं नवीन तयार होतात. वितळला तर तो बाण ५.

बाण ६ आणि ७. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडं जा, तिथं काळा दगड संपतो आणि ग्रॅनाइट, पट्ट्यापट्ट्याचा नाइस लागतो. ग्रॅनाइटचा नाइस झाला, गाळाची पायरी लागलीच नाही, हा झाला बाण ६. एवढ्या खोलीवरचा दगड उघड्यावर कसा आला, तर जमीन वर उचलली गेली आणि डोक्यावरचं सगळं झिजून गेलं. आता त्याचीच वाळू व्हायलीय, म्हणजे बाण ७.

शेजारची उभी चौकट: किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल बोअर घेतलं. वरून खाली असं लागलं:

▓ बेसॉल्ट, ३३८ मीटर (अग्निजन्य)
░ गाळाचा पातळ थर, ८ मीटर
▒ जुना पायाचा खडक (रूपांतरित)

तिन्ही जाती एकाच भोकात. पण हे वरून खाली चक्राच्या क्रमानं लागलेत असं समजू नका, सगळ्यात जुना खाली आणि नवा वर एवढंच.

वहीत काढताना गाळाचा खडक ते शिलारस असा सरळ लाल बाण कुणी काढला तरी मार्क कापणार नाही, तसं घडतं. फक्त बाणावर प्रक्रियेचं नाव पाहिजे, नुसती रेघ चालणार नाही.