दुप्पट होण्याचा काळ

असाइनमेंट पोर्टलवर चढवण्याची मुदत रात्री 11:59 पर्यंत होती आणि मृणालची फाइल साडेनऊलाच तयार झाली होती. ती एकदा शेवटची वाचून पाठवून द्यावी, अशा बेतात ती असतानाच सायलीचा निरोप आला. त्यात जीवाणूंच्या दर तासाला मोजलेल्या संख्येच्या ग्राफचा फोटो होता आणि खाली एवढाच प्रश्न होता, "माझी रेषा का बसत नाहीये?"

सायलीने उत्तर मागितले नव्हते. आठवडाभर ती तापाने अंथरुणाला खिळून होती, हे वर्गात फक्त मृणालला ठाऊक होते आणि मुदतवाढ मागायला तिला संकोच वाटला, हेही. मृणालने चॅटमध्ये आपली फाइल जोडली. शब्द थोडे बदल, आकडे तेच ठेव, असे लिहिलेही. ही मैत्री होती यात शंका नाही. मात्र समजावून सांगण्यात तासभर जाईल आणि फाइल पाठवली की क्षणात सुटका होईल, हा हिशेबही तिच्या मनात होता, आणि खरे तर तोच अधिक जोरात बोलत होता.

पाठवण्याआधी तिने सवयीने पहिले पान उघडले. 'हे काम माझे स्वतःचे आहे' या वाक्याखाली तिचे नाव होते आणि त्याखाली 'चर्चा कोणाशी केली' या ओळीपुढे तिने 'कोणाशीही नाही' असे लिहिले होते. सायलीच्या पानावरही हेच वाक्य असणार होते आणि त्याखाली सही सायलीची असणार होती. शब्द कितीही फिरवले, तरी अकरा नोंदींवरून काढलेला उतार दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत जुळला आणि ग्राफची मांडणीही तीच निघाली, तर तपासणाऱ्याला वेगळे काही शोधावे लागणार नव्हते. आणि मग जाब दोघींना द्यावा लागला असता, त्यातही आधीच मागे पडलेल्या सायलीला जास्त. मृणालने जोडलेली फाइल काढून टाकली आणि फोन लावला.

"ग्राफमध्ये रेषेपासून बिंदू कुठे वर आहेत आणि कुठे खाली, ते बघ."

"दोन्ही टोकांना वर आहेत, मध्ये सगळे खाली."

"म्हणजे ते विखुरलेले नाहीत, त्यांना आकार आहे. आता प्रत्येक तासाच्या संख्येला आधीच्या तासाच्या संख्येने भाग."

सायली पुटपुटत भागाकार करू लागली. "दीड... पुन्हा दीडच्या आसपास... अगं, ही बेरीज नाहीच, दर तासाला गुणाकार होतोय! मग लॉग घ्यायला हवा."

"घे की मग," मृणाल म्हणाली. दुसरे काही सांगायची गरज उरली नव्हती.

पावणेअकराच्या सुमारास सायलीचाच फोन आला. आवाज खोल गेलेला होता, पण त्यात उत्साह होता. "जीवाणूंची संख्या दुप्पट व्हायला मला साधारण 103 मिनिटे येतात. तुझी?"

मृणालची 114 मिनिटे आली होती. तिने सायलीकडून चूक झाली असेल असे गृहीत धरून विचारले, "नोंदी सगळ्या घेतल्यास का?"

"शेवटच्या दोन सोडल्या. तिथे वाढ दीडपट नाहीच, जेमतेम 1.1 पट आहे. त्यांचे अन्न संपत आले असेल किंवा जागा, काही असो. पण त्या दोन नोंदी वाढीच्या टप्प्यातल्या नाहीत. मी कारण लिहून बाजूला ठेवल्या."

मृणालने आपला ग्राफ पुन्हा उघडला. लॉग घेतल्यानंतर शेवटचे दोन बिंदू रेषेच्या खाली झुकलेले स्पष्ट दिसत होते आणि साडेनऊला फाइल पूर्ण झाल्याच्या समाधानात तिने त्यांच्याकडे बघितलेच नव्हते. ती फाइल गेली असती, तर 114 हा आकडा दोन नावांनी जमा झाला असता.

"सायली, हा मुद्दा मला सुचला नव्हता. तो मी वापरला, तर तुझे नाव लिहावे लागेल."

"लिही ना. मीही तुझे लिहितेय. 'लॉगकडे जाण्याचा मार्ग मृणालशी झालेल्या चर्चेतून', चालेल?"

"चालेल. पण लिखाण मात्र आपापले."

"आता तुझी फाइल वाचायला वेळ तरी कुठे आहे मला!"

मृणालने दोन्ही उत्तरे ठेवली. सर्व नोंदी घेऊन आलेले आणि शेवटच्या दोन वगळून आलेले, आणि दुसरे अधिक विश्वासार्ह का, ते चार वाक्यांत लिहिले. मग पहिल्या पानावरचे 'कोणाशीही नाही' खोडून तिथे सायलीचे नाव घातले आणि साडेअकराला फाइल चढवली. सायलीची फाइल 11:52 ला जमा झाली. तिचा तिसरा प्रश्न अर्धाच राहिला होता. जिथे ती थांबली, तिथे 'वेळेअभावी अपूर्ण' असे तिने स्वतःच लिहून ठेवले होते.