पहाटेची पोटदुखी आणि मिटत जाणाऱ्या पापण्या

स्लाइड १
केस सादरीकरण, मेडिसिन विभाग
सादरकर्ता: निवासी डॉक्टर, दुसरे वर्ष
(निदान मुद्दाम शीर्षकात दिलेले नाही. पाचव्या स्लाइडपर्यंत अंदाज बांधावा.)

स्लाइड २: तक्रार
२६ वर्षांची स्त्री, शेतमजूर. महिना ऑगस्ट.
- पहाटे ३ पासून पोटात जोराची कळ, दोन उलट्या
- ६ नंतर डोळे उघडेनात, घोट गिळता येईना, आवाज नाकातून
- ताप, जुलाब, डोकेदुखी नाही. पूर्वीचा आजार नाही.

गावातल्या दवाखान्यात ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले होते. अपघात विभागात ८:१० ला दाखल, कागदावर शेरा: ‘तीव्र पोटदुखी, सर्जरीचे मत घ्यावे’.

स्लाइड ३: तपासणी
नाडी १०८, रक्तदाब १४०/९०, श्वास २६, ऑक्सिजन ९५ टक्के. पूर्ण शुद्धीत.
पोट मऊ, दाबल्यावर दुखणे नाही. रुग्ण कळवळते आहे आणि पोटात हाताला काहीच लागत नाही, इथे थांबून विचार करायला हवा.
- दोन्ही पापण्या पडलेल्या, बुबुळे कोणत्याच बाजूला पूर्ण वळत नाहीत
- उशीवरून मान उचलता येत नाही
- हातापायांची ताकद ४/५, संवेदना शाबूत
- एका श्वासात १२ पर्यंतच आकडे
- अंगावर सूज, जखम, दंशाची खूण नाही

स्लाइड ४: शक्यता
*गियाँ-बारे:* अशक्तपणा बहुधा पायांतून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. इथे तो डोळ्यांपासून खाली उतरतो आहे, तोही तासांत.
*मायस्थेनिया:* पहाटेच्या पोटदुखीचा खुलासा होत नाही.
*कीटकनाशकाची विषबाधा:* शेतमजूर म्हटल्यावर पहिला संशय हाच. पण बाहुल्या बारीक नाहीत, लाळ-घाम नाही, तोंडाला वास नाही.
*पोटॅशियम कमी होऊन येणारा लुळेपणा:* पोटॅशियम ३.९. शिवाय त्यात डोळे सहसा सुटतात.
*बोट्युलिझम:* चित्र सर्वांत जवळचे, पण घरातल्या सगळ्यांनी तीच भाकरी-आमटी खाल्ली होती.

सोनोग्राफी, अमायलेज, ईसीजी: निदानाला उपयोगाचे काही नाही.

स्लाइड ५: निदान ज्या प्रश्नाने झाले
“रात्री झोपला कुठं होतात?”
नवरा: “खालीच की, सतरंजीवर. खाटेवर पाणी गळत होतं.”
“रात्री काही चावल्यासारखं झालं?”
रुग्ण, अडखळत: “मुंगी चावल्यागत झालं... परत झोपले.”

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: गुठळी झाली. म्हणजे घोणस-फुरशाच्या विषाने रक्त बिघडलेले नाही. नागदंशात बहुधा जागेवर सूज आणि वेदना असते, इथे दोन्ही नाहीत.

निदान: मण्यारचा दंश, मज्जा-स्नायू जोडावर विषाचा परिणाम. साप कोणी पाहिला नाही. निदान लक्षणांवरून.

स्लाइड ६: उपचार आणि पुढची वाटचाल
८:४० – सर्पविषरोधक लस १० कुप्या, सलाइनमधून तासाभरात. ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून शेजारी.
नीओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ आणि ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ: तासाभराने पापण्यांत फरक नाही, म्हणून पुन्हा दिले नाही.
१०:१५ – एका श्वासात ७ आकडे. ऑक्सिजन अजून ९४ टक्के, तरी नळी टाकली. व्हेंटिलेटर.
१०:३० – लकवा वाढत असल्याने आणखी १० कुप्या. त्यापुढे लस नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे, हात, पाय काहीच हलेना, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला थंड. नातेवाइकांनी “आता घरी न्यावं का?” असे विचारले. ईईजीत जागेपणीच्या लहरी होत्या, तोच कागद त्यांना दाखवला. तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, पाचव्या दिवशी नळी काढली, नवव्या दिवशी चालत घरी. खाटेजवळचे बोलणे तिने ऐकले होते, काही वाक्ये तिने जशीच्या तशी सांगितली.

स्लाइड ७: लस देऊनही लकवा का वाढला?
मण्यारचे बीटा-बंगारोटॉक्सिन मज्जातंतूचे टोकच निकामी करते. लस रक्तात फिरणारे विष पकडते, मोडलेले टोक जोडत नाही. ते नव्याने वाढायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटर हाच उपचार. नागाचे विष मुख्यतः पलीकडे, स्नायूवरच्या ग्राहींवर बसते. म्हणून तिथे नीओस्टिग्मिनचा गुण दिसतो.

स्लाइड ८: काय शिकलो
- पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी, पडलेल्या पापण्या: दंशाची खूण नसली तरी मण्यार धरूनच चालावे. तिचे दात इतके बारीक की खूण शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे.
- ऑक्सिजन घसरण्याची वाट पाहू नये. मान उचलणे आणि एका श्वासातले आकडे दर पंधरा मिनिटांनी नोंदवावेत.
- सर्पदंशाच्या लकव्यात मेंदूमृत्यूच्या चाचण्या ग्राह्य धरू नयेत. झोपेचे आणि वेदनेचे औषध चालू ठेवावे, रुग्णाशी नाव घेऊन बोलावे.
- डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांच्या वर लिहिले: खाटेवर झोपणे, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचणे, रात्री बॅटरी घेऊनच उठणे.