नमुना उत्तर : मेयोनेजबंदीचा राज्य कायदा

प्रश्न : साल्मोनेलामुळे विषबाधा होते म्हणून एका राज्याच्या विधानमंडळाने कायदा केला. कलम 3 ने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजचे उत्पादन, विक्री व परराज्यातून आणणे कायमचे बंद झाले. कलम 4 नुसार घरी खाण्यासाठी ते जवळ बाळगल्यास 6 महिने कैद. कलम 5 ने निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. राष्ट्रपतींची अनुमती घेतलेली नाही. सँडविचविक्रेता ‘अ’ आणि घरच्या फ्रिजमध्ये बरणी सापडलेली ‘ब’ यांना सल्ला द्या.

उत्तर : बहुतेक विद्यार्थी थेट अनुच्छेद 21 कडे धावतात. पण विधानमंडळाला अधिकारच नसेल, तर कायदा तिथेच कोसळतो. म्हणून सुरुवात सक्षमतेपासून.

राज्य ‘सार्वजनिक आरोग्य’ (राज्यसूची, नोंद 6) पुढे करील. उद्देश पाहता तो दावा पोकळ नाही. मात्र अन्नपदार्थांचा व्यापार समवर्ती सूचीच्या नोंद 33 मध्ये येतो, आणि अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 2 ने संसदेने अन्न उद्योग संघाच्या नियंत्रणाखाली घेतला आहे. त्याच अधिनियमाचे कलम 30(2)(अ) राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना आरोग्यासाठी बंदीचा अधिकार देते, पण जास्तीत जास्त एक वर्षासाठी. संसदेने घातलेली ही मुदत कायमच्या बंदीने निरर्थक होते. जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखालील गोदावत पान मसाला (2004) निकालातही राज्याच्या आरोग्य प्राधिकाऱ्याचा अधिकार तात्पुरत्या, स्थानिक आणीबाणीपुरताच मानला होता. अनुमती नसल्याने अनुच्छेद 254(2) चा आधार मिळत नाही. 254(1) नुसार कलम 3 विसंगतीपुरते शून्य ठरावे. परराज्यातील मालावरील बंदीला अनुच्छेद 301 चाही अडथळा आहे.

सक्षमता मान्य झालीच, तर ‘अ’ चा अनुच्छेद 19(1)(g) खालील व्यवसायस्वातंत्र्याचा दावा तुलनेने कमकुवत आहे. मिर्झापूर मोती कुरेशी (2005) मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ‘निर्बंधा’त संपूर्ण बंदीही येऊ शकते असे म्हटले. तरी पाश्चराइज्ड अंडी वापरण्याची सक्ती हा सौम्य उपाय उपलब्ध होता, हे प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर ठासून मांडावे.

‘ब’ ची बाजू भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातील गोवंशहत्याबंदी कायम ठेवली. पण राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम 5-ड आणि आरोपीवर भार टाकणारे 9-ब रद्द केले. पुढे पुट्टस्वामी (2017) निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. राज्य म्हणेल, तिथे आरोग्याचा प्रश्न नव्हता. फरक खरा आहे, पण स्वतःच्या ताटातली जोखीम स्वतः उचलणाऱ्याला तुरुंगात टाकण्यास तो पुरत नाही.

दोघांनीही अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जावे. कलम 3 टिकले तरी कलमे 4 व 5 पृथक्करणाच्या तत्त्वाने वेगळी काढून रद्द करण्याची पर्यायी मागणी ‘ब’ ने याचिकेतच घालावी.