सुताच्या स्टॉकची किंमत: वेटेड ॲव्हरेज आणि फिफो एकाच शीटमध्ये

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, ग्राउंडच्या बिमसाठी लागणारं २/२० काउंटचं ग्रे कॉटन सूत आणि एप्रिल महिना, एवढ्यावर ही शीट बांधली आहे. सूत एकच आणि गोडाऊनमधलं वजनही एकच, पण क्लोजिंग स्टॉकचा आकडा पद्धतीप्रमाणे बदलतो. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या की फरक नेमका कुठून येतो ते दिसतं.

महिन्याचे व्यवहार असे. १ एप्रिलला ६०० किलो शिल्लक, २४० रुपये दराने १,४४,००० रुपये. ६ तारखेला ९०० किलो आलं, १० ला १,००० किलो वारपिंगला गेलं. १७ ला १,२०० किलो आलं, २४ ला ९०० आणि २८ ला ३०० किलो गेलं. महिनाअखेर शिल्लक ५०० किलो.

आधी लँडेड दर नक्की करा

६ तारखेच्या बिलावर दर २४५ आहे, म्हणजे ९०० किलोचे २,२०,५०० रुपये. ट्रान्सपोर्टचे ३,१५० आणि हमालीचे १,३५० मिळवले की २,२५,०००, म्हणजे किलोला २५०. शीटमध्ये हीच रक्कम जाते. बिलावरच्या ५ टक्के जीएसटीचे ११,०२५ रुपये क्रेडिट मिळणार असल्यामुळे सुताच्या खर्चात धरायचे नाहीत. ट्रेड डिस्काउंट मिळालं असेल तर ते वजा करूनच रक्कम टाका. गोडाऊनचं भाडं मात्र सुताच्या दरात घुसवू नका. १७ तारखेच्या मालाचा याच पद्धतीने काढलेला दर २६२, रक्कम ३,१४,४००.

ट्रान्सपोर्टचं बिल महिनाअखेरीस येतं ही नेहमीची अडचण. ते येईपर्यंत थांबलात तर मधल्या जावकीला कमी दर लागतो, आणि नंतर रक्कम वाढवली की छापून दिलेले आकडे बदलतात. माल उतरतानाच ठरलेल्या भाड्याने रक्कम धरा आणि महिना बंद करण्याआधी बिलाशी जुळवा.

कॉलम

पहिल्या ओळीत शीर्षकं. A तारीख, B व्यवहार, C आवक किलो, D आवक रक्कम, E जावक किलो. हाताने भरायचं ते एवढंच. ओपनिंग स्टॉक दुसऱ्या ओळीत आवक म्हणून टाका, बाकीचे पाच व्यवहार ३ ते ७ या ओळींत. पुढचे कॉलम सूत्रांचे.

वेटेड ॲव्हरेजसाठी F जावक रक्कम, G शिल्लक किलो, H शिल्लक रक्कम, I सरासरी दर. दुसऱ्या ओळीत F2 मध्ये ०, H2 मध्ये `=D2`, I2 मध्ये `=H2/G2`. G चं सूत्र दुसऱ्या ओळीपासून, बाकीची तिसऱ्या ओळीपासून खाली ओढा.

```
G2: =SUM(C$2:C2)-SUM(E$2:E2)
F3: =IF(E3=0,0,IF(E3=G2,H2,E3*I2))
H3: =H2+D3-F3
I3: =IF(G3>0,H3/G3,I2)
```

F मधली दुसरी अट अशासाठी की सगळं सूत संपलं तर उरलेली सगळी रक्कमही निघून गेली पाहिजे. ती नसेल तर शून्य किलोवर काही पैसे लटकत राहतात, आणि पुढच्या आवकीत मिसळून दर बिघडवतात.

फिफोसाठी प्रत्येक जावकीला कुठल्या लॉटमधून किती गेलं हे शोधत बसायची गरज नाही. आजवर एकूण जेवढं सूत गेलं, त्याचा जुन्यापासून मोजलेला खर्च काढायचा आणि त्यातून आदल्या ओळीपर्यंतचा खर्च वजा करायचा. J मध्ये त्या लॉटच्या आधीची एकूण आवक, K मध्ये तो लॉट धरून एकूण आवक, L दर, M एकूण जावक, N आजवरचा फिफो खर्च, O या जावकीचा खर्च, P शिल्लक रक्कम. सगळी दुसऱ्या ओळीपासून, फक्त O तिसऱ्यापासून.

```
J2: =SUM(C$2:C2)-C2
K2: =SUM(C$2:C2)
L2: =IF(C2>0,D2/C2,0)
M2: =SUM(E$2:E2)
N2: =SUMPRODUCT(((M2>J$2:J$500)*(M2-J$2:J$500)
    -(M2>K$2:K$500)*(M2-K$2:K$500))*L$2:L$500)
O3: =N3-N2
P2: =SUM(D$2:D2)-N2
```

N चं सूत्र एकदा आकड्यांवर तपासा, म्हणजे पुढे त्याच्यावर विश्वास ठेवता येईल. २४ तारखेला एकूण जावक १,९००. पहिला लॉट ० ते ६००: १,९०० वजा १,३०० म्हणजे ६००, पूर्ण संपला. दुसरा ६०० ते १,५००: १,३०० वजा ४०० म्हणजे ९००, तोही संपला. तिसरा १,५०० पासून सुरू, त्यातले ४००. तिन्हींचा खर्च ४,७३,८००. त्यातून १० तारखेपर्यंतचे २,४४,००० वजा केले की २४ च्या जावकीला २,२९,८००. जावकीच्या ओळीत J आणि K सारखेच असतात, म्हणून ती ओळ आपोआप शून्य होते.

| तारीख | जावक किलो | ॲव्हरेजने | फिफोने |
|---|---|---|---|
| १० एप्रिल | १,००० | २,४६,०००.०० | २,४४,००० |
| २४ एप्रिल | ९०० | २,३१,५६४.७१ | २,२९,८०० |
| २८ एप्रिल | ३०० | ७७,१८८.२४ | ७८,६०० |
| शिल्लक | ५०० | १,२८,६४७.०६ | १,३१,००० |

फिफोचा क्लोजिंग स्टॉक २,३५२.९४ रुपयांनी जास्त, म्हणजे नफाही तेवढाच जास्त. २८ तारखेची ओळ नीट बघा: एकूण खर्च फिफोत कमी असला तरी त्या एका जावकीला फिफो महाग पडलं, कारण जुना माल तोवर संपला होता. दर चढत असले तरी प्रत्येक जावक फिफोने स्वस्तच पडेल असं नाही.

दर उतरले की चित्र पालटतं. १७ तारखेचं सूत २६२ ऐवजी २३८ ने आलं असतं तर फिफोची शिल्लक १,१९,०००, ॲव्हरेजची १,२०,१७६.४७. म्हणून ‘फिफोने नफा जास्त दिसतो’ हे वाक्य दर चढते असतील तेव्हापुरतंच खरं.

जुळणी दोन ओळींत होते. F ची बेरीज आणि शेवटचा H मिळून D ची बेरीज, म्हणजे ६,८३,४००, आली पाहिजे. O ची बेरीज आणि शेवटचा P मिळूनही तीच. टॅलीशी किंवा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी जुळत नसेल तर आधी तिथे कुठली कॉस्टिंग मेथड लावली आहे ते बघा. आपली सरासरी प्रत्येक आवकीनंतर नवी होते. संपूर्ण महिन्याची एकच सरासरी काढली तर दर २५३.११ आणि शिल्लक १,२६,५५५.५६ येते. ती चूक नव्हे, पण वर्षभर दोन्हींपैकी एकच चालवा.

शीट कुठे फसते

दर दोन दशांशांवर गोल करणं हा सगळ्यात सामान्य घोळ. १७ तारखेनंतर खरा दर २५७.२९४१… आहे. जावकीला २५७.२९ लावला तर महिनाअखेर शिल्लक रक्कम १,२८,६५२ दाखवते आणि ५०० गुणिले २५७.२९ मात्र १,२८,६४५ येतात. सात रुपये एका काउंटचे. चाळीस काउंट आणि बारा महिने धरले तर ऑडिटच्या वेळी शोधत बसावं लागतं. सेलमध्ये दोन दशांश दिसू द्या, ROUND लावू नका.

मधेच ओळ घुसवली की F, H, I आणि O यांचं पुढच्या ओळीतलं सूत्र अजून जुन्याच ओळीकडे बघत असतं, आणि नवी ओळ हिशेबातून सुटते. घुसवलेल्या ओळीच्या वरच्या ओळीतून सूत्रं शेवटपर्यंत पुन्हा ओढा. सॉर्ट तर करूच नका.

शिल्लक उणे गेली तर फिफोचं सूत्र ओरडत नाही. ते गुपचूप पुढच्या तारखेला येणाऱ्या लॉटमधून माल उचलतं, आणि पुढेही लॉट नसेल तर जास्तीच्या किलोंना शून्य दर लावतं. G कॉलमला शून्यापेक्षा कमी आकडा लाल होईल अशी कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. लाल दिसलं की बहुतेक वेळा आवकीची नोंद राहिलेली असते. एकाच दिवशी आवक आणि जावक असेल तर आवक आधी, हा नियम ठरवून घ्या.

रिकाम्या ओळी छान दिसाव्यात म्हणून J, K, L मध्ये `""` परत करणारं सूत्र लिहिलंत तर N मध्ये `#VALUE!` येईल. तिथे शून्य असू द्या किंवा सेल खरोखर रिकामा ठेवा.

पुरवठादाराला सूत परत केलं तर C मध्ये उणे आकडा टाकू नका, J आणि K उलटे होतात. महिना बंद झालेला नसेल आणि त्या लॉटला हात लागला नसेल तर मूळ ओळीतलेच किलो आणि रक्कम कमी करा, B मध्ये डेबिट नोटचा नंबर लिहा. शेडमधून परत आलेले कोन मात्र नवी आवक म्हणून, गेले त्याच दराने.

मोजणीत वजन कमी भरतं, ते लगेच चोरी समजू नका. कापसाच्या सुतात ८.५ टक्के ओलावा प्रमाण धरतात, आणि मार्च-एप्रिलच्या सोलापुरी उन्हात गोडाऊनमधलं सूत त्याहून कोरडं होतं. नेहमीची घट जावकीत दाखवून उत्पादन खर्चात घ्या. भिजलेलं, जळालेलं किंवा हिशेब न लागणारं सूत वेगळ्या ओळीत, थेट नफा-तोट्याला. कोनचं रिकामं वजन वजा केलं का, हे त्याआधी बघा.

कुठली पद्धत ठेवायची

लेखा मानक एएस-२ आणि आयकराचं आयसीडीएस-२ दोन्हींना फिफो आणि वेटेड ॲव्हरेज चालतात. लिफो चालत नाही. फिफोसाठी गोडाऊनमधून जुनीच बॅग आधी निघाली पाहिजे असं नाही, ते खर्चाचं गृहीतक आहे. एकाच काउंटच्या छोट्या छोट्या आवकी सतत येत असतील तर आमचं मत वेटेड ॲव्हरेजकडे: एका महाग लॉटने टॉवेलचं कॉस्टिंग उड्या मारत नाही. आवक थोडी, लॉट मोठे आणि क्लोजिंग स्टॉक चालू बाजारभावाजवळ दिसावा असं वाटत असेल तर फिफो. नफा बघून दरवर्षी पद्धत बदलणं जमणार नाही; आयसीडीएस-२ प्रमाणे त्याला सबळ कारण लागतं.

३१ मार्चला दोन्हींपैकी कुठल्याही पद्धतीने आलेला खर्च निव्वळ विक्रीमूल्याशी ताडून कमी असेल तो घ्यायचा. सुताचा बाजारभाव पडला म्हणून लगेच स्टॉक खाली आणू नका. त्या सुताचे टॉवेल खर्चाइतक्या किंवा त्याहून जास्त किमतीला विकले जाणार असतील तर एएस-२ प्रमाणे सूत खर्चालाच राहतं.

नवं वर्ष उघडताना ॲव्हरेजला एक ओळ पुरते. फिफोला पुरत नाही. १,३०० किलो उरलं असेल आणि त्यात १०० किलो २५० चं, १,२०० किलो २६२ चं असेल, तर ओपनिंगच्या दोन ओळी, जुनी वर. ३,३९,४०० ची एकच ओळ टाकली तर पहिल्या शंभर किलोंना २५० ऐवजी २६१.०८ लागतो आणि फिफो पहिल्याच जावकीला मोडतं.