निखिल, आज नऊ वर्षं झाली

निखिल,

सकाळी तू निघालास तेव्हा तोंडावर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितेय. मीटिंगमध्ये असशील तर जेवायच्या सुट्टीत वाच. आणि घाबरू नकोस, दवाखान्यातून फोन वगैरे आलेला नाही. हल्ली माझा लांब मेसेज दिसला की तू आधी तेच समजतोस, माहितेय मला.

लग्नाला आज नऊ वर्षं. त्यातली शेवटची पाच आपण कॅलेंडरवर वेगळीच मोजली. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग फॉलिकल केवढं झालं, मग एम्ब्रियो ट्रान्सफर, मग चौदा दिवसांनी बीटाची रक्ततपासणी. मागच्या वर्षी आजच्या तारखेला तर आपण दोघं वेटिंग रूममध्ये बसलो होतो आणि आज लग्नाचा वाढदिवस आहे हे मला फॉर्मवर तारीख लिहिताना आठवलं. तू खालच्या गाडीवरून वडापाव आणलास. तीच आपली पार्टी.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मार्चमध्ये, दुसऱ्या ट्रान्सफरनंतर, बीटाच्या आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठले. फ्रिज उघडला तर इंजेक्शनच्या डब्यामागे, कोथिंबिरीच्या पिशवीखाली, अर्धा किलो कंदी पेढे. रविवारी आईंकडे साताऱ्याला जाऊन आलास तेव्हाच घेतले असणार. मी कोथिंबीर होती तशी नीट ठेवली आणि येऊन झोपले. खरं तर झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. दोनपेक्षा कमी. तू मला जवळ घेतलंस, चहा केलास, म्हणालास, "ठीक आहे गं, बघू." संध्याकाळी फ्रिजमध्ये पेढे नव्हते. मी विचारलं नाही. चार दिवसांनी वॉचमनकाका लिफ्टपाशी म्हणाले, "मॅडम, पेढे झकास होते हो, कशाचे होते?" मला काही सुचेना. म्हटलं, साहेबांना बढती मिळाली. तेव्हापासून ते तुला जरा जास्तच वाकून नमस्कार करतात ना, ते त्यामुळे.

हसू नकोस. हसलास तर हस.

मला सांगायचंय ते एवढंच, की मी रडले तेव्हा धरायला तू होतास. तू तो बॉक्स घेऊन जिना उतरलास तेव्हा तुझ्यासोबत कोणी नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. सगळे मला विचारतात, कशी आहेस, जप हो. तुला विचारतात ते, "काय रे, गोड बातमी कधी?" आणि तू हसून प्लेट भरायला उठतोस. आत्यांना तर तू सरळ सांगितलंस, "प्रॉब्लेम माझ्यात आहे." दोघांचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, हे तुला पाठ आहे. तरी बोललास, कारण त्यांचा रोख माझ्याकडे होता. त्यांनी नंतर मला बाजूला घेऊन तुझ्यासाठी अश्वगंधा सुचवली. मी मान डोलावली. तुझ्यावरचं प्रेम दाखवायच्या माझ्याही पद्धती आहेत.

आणि ते तेलातलं इंजेक्शन. रोज रात्री साडेआठला तू ती कुपी दोन्ही तळव्यांत धरून गरम करायचास, मंत्र म्हणावा तसा गप्प. टोचताना तू श्वास रोखायचास. दुखायचं मला आणि श्वास तुझा अडकायचा. नंतर गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचास आणि शेजारी बसून क्रिकेटचे जुने हायलाइट्स लावायचास. एक तरी मॅच मला कळली असेल तर शपथ.

पुढचं काय, ते मला माहीत नाही. एक एम्ब्रियो फ्रीज केलेला आहे, तो जानेवारीत ट्रान्सफर करायचा, की थोडं थांबायचं, की तू परवा अर्धवट बोलून गिळलास तो दत्तकाचा विषय नीट बोलायचा. बोलू. मला राग येणार नाही, एवढं नक्की सांगते. पण आज नको. आज मला फाईल, आकडा, तारीख काही नको. मला तू हवास. मूल होईल तेव्हा आपलं घर होईल असं मी मध्यंतरी धरून चालले होते, आणि तुला भाड्याने राहिल्यासारखं वाटलं असेल तर सॉरी रे.

फोनवरचा साडेआठचा अलार्म मी बंद केलाय. औषधं थांबून आठ महिने झाले, तरी तो रोज वाजत होता आणि आपण दोघंही तो गुपचूप बंद करत होतो.

रात्री पिठलं-भाकरी करतेय, तुझ्या आवडीचा ठेचा घालून. साडी नेसीन, पण बाहेर जायचं नाही. सातपर्यंत ये.

येताना पेढे आण. पाव किलो पुरेत. बातमी काही नाही, नुसतेच खाऊ.

तुझी,
मधुरा