ध्वजारोहणाच्या छायाचित्रातून वगळलेली व्यक्ती : संपादकांना पत्र

औसा तालुका, जि. लातूर
दि. २१ सप्टेंबर

प्रति,
मा. संपादक,
लातूर जिल्हा आवृत्ती

विषय : दि. १८ सप्टेंबरच्या अंकात पान ३ वर प्रसिद्ध झालेल्या ध्वजारोहणाच्या छायाचित्राबाबत हरकत

महोदय,

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकाच्या तिसऱ्या पानावर आमच्या ग्रामपंचायतीसमोरील ध्वजारोहणाचे तीन स्तंभी छायाचित्र प्रसिद्ध झाले आहे. छायाचित्रात ध्वजस्तंभाशेजारी सात व्यक्ती सलामी देत उभ्या असून, खालच्या ओळीत त्या सातही जणांची नावे पदांसह दिली आहेत. मी त्या कार्यक्रमाला समोरच्या रांगेत उपस्थित होतो. सलामीच्या वेळी ध्वजस्तंभाजवळ सात नव्हे, आठ माणसे उभी होती. आठवे होते ग्रामपंचायतीचे शिपाई, ज्यांना गावात लहानथोर सगळेच मामा म्हणतात. ते आपल्या छायाचित्रात नाहीत, आणि ते छायाचित्राच्या कडेला पडल्यामुळे सुटले असतील असे मानायला जागा नाही, कारण जिथे ते उभे होते ती जागा छायाचित्रात पूर्ण दिसते आहे. फक्त ती रिकामी आहे.

छपाईतील दोष आणि मुद्दाम केलेली दुरुस्ती यांतला फरक ओळखण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे. तालुक्याच्या ठिकाणी माझा फोटो स्टुडिओ होता, डार्करूमच्या काळापासून डिजिटल कॅमेरा येईपर्यंत मी तोच व्यवसाय केला आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रिटचिंग करण्यात हयात घालवली. त्यामुळे मोघम शंका न मांडता, छायाचित्रात जे दिसते तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट दोरीची. ध्वजस्तंभाच्या कप्पीवरून आलेली दोरी छातीच्या उंचीपर्यंत खांबाला समांतर उतरते आणि तिथून एकदम डावीकडे ताणली जाते. मोकळी दोरी सरळ खाली लोंबते. ती तिरपी ताणायला दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी हात लागतो. आपल्या छायाचित्रात ती तिरपी दोरी खांबापासून वीतभर अंतरावर एका धूसर डागात संपते. त्या सकाळी वारा होता, दोरी सैल पडून ध्वज खाली सरकू नये म्हणून मामा तिचे टोक मुठीत घट्ट धरून उभे होते, आणि म्हणूनच इतरांप्रमाणे त्यांचा हात सलामीला गेलेला नव्हता.

दुसरी गोष्ट सावल्यांची. कार्यक्रम सकाळी आठच्या सुमारास झाला. ऊन तिरपे होते आणि प्रत्येकाची सावली त्याच्या उंचीपेक्षा बरीच लांब पडली होती. अंगणातल्या फरशीवर खांबाच्या सावलीव्यतिरिक्त आठ सावल्या मोजता येतात. खांबाला लागून असलेल्या सावलीला पायच नाहीत. ती फरशीच्या मध्यावरून सुरू होते.

तिसरी गोष्ट मात्र अशी आहे की ती पाहिल्यावर माझ्या मनात काही किंतु उरला नाही. मामांच्या मागे ग्रामपंचायतीची भिंत आहे आणि तिच्यावर घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरण्याचे आवाहन निळ्या रंगाने रंगवलेले आहे. ‘पाणीपट्टी’ या शब्दातील शेवटच्या अक्षराखाली रंगाचा एक ओघळ वाळलेला आहे, तो गेली दोन-तीन वर्षे सगळे गाव पाहते आहे. आपल्या छायाचित्रात हा शब्द शेजारी शेजारी दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी तोच ओघळ, तेवढ्याच लांबीचा, त्याच वळणाचा आहे. भिंतीचा एक तुकडा उचलून मामांच्या अंगावर चिकटवल्याशिवाय असे होत नाही. कागदावरील अंकात हे चटकन लक्षात येत नाही; ई-पेपरवर छायाचित्र मोठे करून पाहिले की कुणालाही दिसेल. (आमच्या गावाला घरपट्टीपेक्षा पाणीपट्टीची आठवण दुप्पट करून द्यावी लागते हे खरे असले, तरी भिंतीवर तो शब्द एकदाच लिहिला आहे.)

हे कुणी केले, हे मला ठाऊक नाही आणि त्याबद्दल तर्क लढवण्याची माझी इच्छा नाही. आपल्या वार्ताहराने केले असेल, ज्यांनी व्हॉट्सॲपवर प्रेसनोटसोबत छायाचित्र पाठवले त्यांनी आधीच केले असेल, किंवा पान लावताना झाले असेल. आजच्या मोबाइलमध्ये नको असलेल्या वस्तूवर बोट फिरवले की ती नाहीशी होते. त्यासाठी स्टुडिओची किंवा कसबाची गरज उरलेली नाही. यामागे द्वेष होता असेही मी म्हणत नाही. बहुधा कुणाला तरी असे वाटले असावे की मान्यवरांच्या इस्त्रीच्या कपड्यांच्या रांगेत विटक्या खाकीतला, सलामी न देणारा माणूस बरा दिसत नाही, म्हणून छायाचित्र ‘साफ’ करून घेतले. पण हेतू इतका किरकोळ असला तरी माझी हरकत कमी होत नाही, उलट वाढते. वैमनस्यातून कुणी कुणाला छायाचित्रातून पुसले तर निदान त्याची दखल तरी घेतलेली असते. इथे एका माणसाला भिंतीवरच्या डागासारखे वागवले गेले.

कापणे, उजळ करणे आणि पुसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या उपसंपादकांना मी सांगायला नको. स्तंभात बसावे म्हणून छायाचित्राची कड कापणे किंवा छपाईत काळवंडू नये म्हणून ते थोडे उजळ करणे हा रोजच्या कामाचा भाग आहे. अर्थात कापण्यालाही मर्यादा आहे. जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे हवामानबदलाविरुद्ध काम करणाऱ्या पाच तरुणींचे छायाचित्र असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने कडेने कापून प्रसृत केले आणि त्यातून युगांडाच्या व्हॅनेसा नकाटे नेमक्या गळाल्या. त्यावर गदारोळ झाला आणि संस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिथे तर काही पुसलेही नव्हते. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात मे १९७० मध्ये झालेल्या गोळीबाराचे जॉन फिलो यांनी टिपलेले छायाचित्र पुलित्झर पारितोषिकाने गौरवले गेले. त्यातील तरुणीच्या डोक्यामागचा कुंपणाचा खांब पुढे काही प्रकाशनांत नाहीसा केलेला आढळला, तेव्हा छायाचित्रकारांच्या वर्तुळात त्यावरही आक्षेप घेतला गेला. निर्जीव खांब काढला म्हणून जिथे जाब विचारला जातो, तिथे आपल्या पानावरून दोरी धरलेला जिवंत माणूस काढला गेला आहे.

स्टुडिओत आम्हीही फेरफार करत होतो, मग आता तक्रार कशाला, असे कुणी विचारील. लग्नाच्या फोटोतील नवरीच्या गालावरचा मुरुम मी शेकडो वेळा काढला असेल आणि परगावी असलेल्या भावाला कुटुंबाच्या फोटोत कापून-चिकटवून उभेही केले असेल. तो फोटो त्या घरच्या भिंतीसाठी होता, घरच्यांच्या सांगण्यावरून केलेला होता आणि त्याखाली कुणी ‘बातमी’ असे लिहिलेले नव्हते. वृत्तपत्रातील छायाचित्र वाचकाला सांगते की अमुक ठिकाणी अमुक वेळी हे असे घडले. हा भरवसा मोडला तर पान ३ वरच्या पुढच्या छायाचित्राकडेही वाचक सावल्या मोजतच पाहणार.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पण त्या लढ्यात खेड्यापाड्यांतून उतरलेल्या माणसांची छायाचित्रे फार थोडी आहेत. निरोप पोहोचवणारे, भाकरी बांधून देणारे, भूमिगतांना माळवदावर लपवणारे लोक कुणी टिपून ठेवले नाहीत. जे उपलब्ध आहे त्यात बहुतेक पुढारीच दिसतात. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना कागदपत्रे जमवताना जुन्या अंकांची कात्रणे शोधत फिरताना मी पाहिले आहे. आजचा आपला अंकही उद्या असाच कुणीतरी उघडणार आहे, आणि त्याला दिसेल की आमच्या गावात सात मान्यवरांनी ध्वज फडकवला. आदल्या संध्याकाळी खांब पुसून घेणारा, पहाटे फुलांच्या पाकळ्या आत घालून ध्वजाची घडी बांधणारा, गाठ एका झटक्यात सुटेल अशी मारणारा आणि सूर्यास्तापूर्वी ध्वज सन्मानाने उतरवून कपाटात ठेवणारा माणूस त्याला कुठेच सापडणार नाही. मुक्तिसंग्राम दिनाच्या छायाचित्रातूनच हे व्हावे, याचे मला विशेष वाईट वाटते.

यावर माझी मागणी अशी. मूळ छायाचित्र त्याच पानावर, त्याच आकारात, मामांच्या नावासह छापावे आणि आधीच्या छायाचित्रातून एक व्यक्ती काढली गेली होती हे खुलाशात स्पष्ट शब्दांत म्हणावे. ‘अनवधानाने राहून गेलेले नाव’ अशा गुळमुळीत ओळीवर भागवू नये, कारण नाव राहून गेलेले नाही, माणूस काढलेला आहे. ई-पेपरमधील छायाचित्रासोबतही हा खुलासा जोडावा. तसेच बाहेरून आलेले छायाचित्र छापताना ते कुणाकडून आले हे त्याखाली देण्याची पद्धत आपण सुरू करावी, म्हणजे पुढच्या वेळी चौकशी कुठून सुरू करायची हे आपल्यालाही कळेल.

मामांनी मला तक्रार करायला सांगितलेले नाही. अंक दाखवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दोरी तर दिसायलीय की.” मूळ छायाचित्र नावासह छापायला त्यांची हरकत नाही, हे मात्र मी त्यांना विचारून घेतले आहे.

भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करण्यापूर्वी ती संपादकांच्या लेखी निदर्शनास आणावी लागते आणि दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत परिषदेकडे जावे लागते, याची मला माहिती आहे. हे पत्र त्यातील पहिली पायरी समजावे. दुसरी पायरी चढण्याची वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा आहे, कारण आपला अंक माझ्या घरी वडिलांच्या काळापासून येतो आणि तो बंद करण्याचा माझा विचार नाही. पंधरा दिवसांत खुलासा प्रसिद्ध झाला नाही, तर मात्र मी परिषदेकडे अर्ज करीन.

सोबत आपल्या अंकातील कात्रण आणि त्याच सलामीच्या वेळी उपस्थितांपैकी दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांच्या प्रती जोडल्या आहेत. दोन्हींत मामा दोरी धरून उभे असलेले स्पष्ट दिसतात. मूळ फाइल्स पेनड्राइव्हवर दिल्या आहेत. त्या कुठेही न बदलता, फोनमधून काढल्या तशाच आहेत. मामांचे तसेच माझे पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिफाफ्यातील स्वतंत्र चिठ्ठीवर लिहिला आहे. आपल्या कार्यालयातून कुणी भिंत, खांब आणि तो रंगाचा ओघळ प्रत्यक्ष पाहायला येणार असेल, तर सकाळी आठच्या सुमारास यावे, म्हणजे सावल्यांचीही खात्री करता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त छायाचित्रकार व आपला नियमित वाचक
औसा तालुका, जि. लातूर