टॉवर मेंटेनन्स टेक्निशियन पदासाठी अर्ज

प्रति,
मेंटेनन्स मॅनेजर, फील्ड ऑपरेशन्स विभाग

विषय: टॉवर मेंटेनन्स टेक्निशियन या पदासाठी अर्ज

नमस्कार सर,

तुमची टॉवर मेंटेनन्स टेक्निशियनची जाहिरात वाचली आणि लगेच लिहायला बसलो. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा ३ वर्षांचा डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण झालाय, आणि शेवटच्या सेमिस्टरला एका मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टरच्या टीमबरोबर इन-प्लांट ट्रेनिंग केलंय. वर्गातले बरेच जण ऑफिसमधलं किंवा सॉफ्टवेअरचं काम शोधतायत, मला मात्र ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की मला साईटवरच काम करायचंय.

टॉवरचं काम म्हटलं की लोकांना आधी वर चढणं आठवतं. चढायचं तर आहेच, पण साईट बंद पडते ती बहुतेक वेळा खालच्या पॉवरमुळे, हे मी ट्रेनिंगमध्ये जवळून पाहिलं. मेन सप्लाय गेला, बॅटरीने साथ दिली नाही, डीजी उचलला नाही की संपलं, वर अँटेना कितीही चांगला असू दे. म्हणून बॅटरी, एसएमपीएस, डीजी आणि अर्थिंग या चार गोष्टींवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

एक केस सांगतो. एका साईटला लाईट गेली की थोड्याच वेळात साईट डाऊन व्हायची आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर बॅटरी मात्र कायम ठीक दिसायची, फ्लोटला ५४ व्होल्ट. आमच्या सिनिअर टेक्निशियननी मला मल्टीमीटर दिला आणि म्हणाले, आता मेन बंद कर आणि एकेक सेल मोज. २ व्होल्टचे २४ सेल सिरीजमध्ये, लोडवर आल्यावर बाकीचे सगळे २ च्या आसपास टिकून होते आणि चार सेल बघता बघता दीडच्याही खाली गेले. मग एकूण व्होल्टेज कटऑफला येणारच, एलव्हीडी ट्रिप होणारच. चार्जिंगला असताना एसएमपीएस टोटल ५४ वरच धरून ठेवतो त्यामुळे टोटल बघून काहीच कळत नाही, खराब सेल डिस्चार्जमध्येच उघडा पडतो. सेल बदलले, सोबत एक इंटरसेल लिंक ढिली होऊन गरम व्हायची ती पण साफ करून टाईट केली, आणि साईट लाईट गेल्यावरही तासन्‌तास चालायला लागली. त्या दिवसापासून बॅटरी चेक म्हटलं की लोड देऊन सेलवाईज रीडिंग, तेही तारखेसकट लिहून ठेवणं, ही माझी सवय झालीये. शेल्टरचा एसी किंवा फिल्टर तुंबलेला असेल तर तोही मी बॅटरीचाच प्रॉब्लेम धरतो, कारण टेंपरेचर साधारण १० डिग्रीने वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

डीजीचं रुटीन मला येतं, ऑइल, कूलंट, बेल्ट, फ्युएल फिल्टर, स्टार्टिंग बॅटरी, अवर मीटर आणि डिझेलचा हिशेब. सर्व्हिस झाल्यावर मेन पाडून डीजी स्वतःहून उचलतोय का हे बघितल्याशिवाय आणि पॅनेलचा सिलेक्टर ऑटोवर आहे याची खात्री केल्याशिवाय साईट सोडायची नाही, हे आमच्या टीममध्ये पक्कं होतं आणि मला ते फार पटलं. मशीन एकदम चांगलं आणि सिलेक्टर मॅन्युअलवर, तर पुढच्या वेळी लाईट गेली की कोणीतरी रात्री धावत जायचं.

अर्थिंग हा माझा आवडता विषय आहे आणि तो सगळ्यात दुर्लक्षित पण वाटतो. विजेचा ३० हजार अँपिअरचा झटका १ ओहमच्या अर्थमधून गेला तरी जागेवर ३० हजार व्होल्ट उभे राहतात, म्हणजे नुसता ओहम कमी आणून भागत नाही, टॉवर, शेल्टर, डीजी, फीडर केबल सगळं एकमेकांना नीट बाँड केलेलं पाहिजे म्हणजे सगळं एकत्र वर जातं आणि इक्विपमेंटच्या आरपार फरक पडत नाही. थ्री-पॉइंट पद्धतीने अर्थ टेस्टर लावून रीडिंग मी स्वतः घेतलेत. जमीन कोरडी असताना घेतलेलं रीडिंगच खरं मानावं असं माझं मत आहे, ओल्या जमिनीवर कुठलाही पिट चांगलाच दिसतो.

आता चढण्याबद्दल. उंचीवर मला स्थिर वाटतं, हात पाय घट्ट राहतात. फुल बॉडी हार्नेस, डबल लॅनयार्ड, एक हुक सुटायच्या आधी दुसरा लागलेला, हेल्मेटचा चिन स्ट्रॅप बंद, पाना स्पॅनर सगळं दोरीला बांधलेलं, आणि खाली कोणी उभं नाही हे बघूनच वर. अँटेनासमोर काम असेल तर आधी कंट्रोल रूमला सांगून तो सेक्टर बंद करून घ्यायचा. ढग गडगडायला लागले किंवा वारा वाढला तर खाली उतरायचं, त्यात मी कोणाच्या घाईचं ऐकणार नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही असाच माणूस हवा असेल. वर जंपर आणि फीडरचे कनेक्टर वेदरप्रूफिंग करणं, बोल्ट टॉर्क करणं, गंज लागलेल्या जागा नोंदवून फोटो काढणं, वॉर्निंग लॅम्प बदलणं ही कामं मी सिनिअरच्या देखरेखीखाली केलीयेत. मायक्रोवेव्ह डिशचं अलाइनमेंट मात्र मी शेजारी उभं राहून पाहिलंय, स्वतः केलेलं नाही, ते तुमच्याकडे शिकायची खूप इच्छा आहे.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. चेकलिस्टमध्ये रीडिंग न घेता टिक मारणं मला जमत नाही. जे मोजलं तेच लिहीन, मोजता आलं नाही तर कारण लिहीन. पुढच्या महिन्यात त्याच साईटवर येणाऱ्या माणसाला माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवता आला पाहिजे, नाहीतर त्या कागदाचा उपयोग काय.

रात्रीच्या कॉलला, सुट्टीच्या दिवशीच्या शिफ्टला आणि लांबच्या साईटना माझी तयारी आहे. टू-व्हीलरचं लायसन्स आहे, फिटनेस सर्टिफिकेट आहे, उंचीवर काम करायचं ट्रेनिंग पूर्ण केलंय, पण तुमचं स्वतःचं सेफ्टी इंडक्शन असेल तर ते पहिल्यापासून करायला आवडेल. पगाराचं तुमच्या फ्रेशरच्या नियमाप्रमाणे चालेल, फक्त सेफ्टी गिअर आणि इन्शुरन्स कंपनीकडून मिळतो ना एवढं इंटरव्ह्यूमध्ये विचारणार आहे.

बायोडेटा, डिप्लोमाची मार्कशीट, ट्रेनिंगचं आणि उंचीवरच्या कामाचं सर्टिफिकेट असं सगळं सोबत जोडलंय. प्रॅक्टिकल टेस्ट घेणार असाल तर फार बरं होईल, बॅटरी बँक समोर ठेवा किंवा हार्नेस घालून वर चढायला सांगा, मी तयार आहे. जॉइनिंगला पुढच्या आठवड्यातही येऊ शकतो, आणि फोन दुपारी किंवा संध्याकाळी कधीही केलात तरी उचलीन.

आपला विश्वासू,
विनायक